ताकद टॉरिनची की कॅफिनची?

«एनर्जी ड्रिंकमधलं टॉरिन बैलापासून काढतात आणि त्यानेच अंगात जोर येतो, खरं का?»

नाही. १८२७ मध्ये ते बैलाच्या पित्तात प्रथम सापडलं, म्हणून लॅटिनमधल्या बैलावरून नाव पडलं, एवढंच. आज ते कारखान्यात रसायनांपासून बनतं. तरतरी देतं ते कॅफिन. मेंदूला थकवा कळवणाऱ्या अ‍ॅडेनोसिनची जागा ते अडवतं, म्हणजे थकवा जात नाही, फक्त जाणवत नाही.

रात्री दहाला अभ्यासासाठी २५० मिलीचे दोन कॅन घेतले असं धरा. साधारण १५० मिलिग्रॅम कॅफिन आणि पन्नासेक ग्रॅम साखर, म्हणजे दहा-बारा चमचे (एवढी साखर घातलेला चहा कुणी पिईल का?). साखरेचा जोर तास-दोन तासांत ओसरतो, पण पहाटे तीनला निम्मं कॅफिन रक्तात असतंच. ग्लानी येते, झोप येत नाही. मग तिसरा कॅन फुटतो.

२०१७ च्या एका छोट्या अमेरिकन चाचणीत तेवढंच कॅफिन असलेल्या साध्या पेयापेक्षा एनर्जी ड्रिंकने ईसीजीतलं क्यूटी अंतर, म्हणजे एक ठोका देऊन पुढच्यासाठी सज्ज व्हायला हृदयाला लागणारा वेळ, जास्त लांबवलं. दोष टॉरिनचा की मिश्रणाचा, हे त्यातून ठरत नाही. पण हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांनी किंवा घरात लाँग क्यूटीचा आजार असणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. लहान मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांच्यासाठी नाही, हे तर कॅनवरच बारीक अक्षरांत छापलेलं असतं. मधुमेह्यांना साखर नडते. दारूत मिसळणं सर्वांत वाईट: नशा चढते, पण कळत नाही.