डावीकडचे सहा सेंटिमीटर

माझी भाची साखळीहून पणजीला कॉलेजला जाते. भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या चतुर्थीच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा टेबलावर एक फाइल ठेवून म्हणाली, "मामा, लॅटराइटच्या लेक्चरचं सगळं कॉर्नेलमध्ये फेअर करून झालं." लॅटराइट म्हणजे आपला चिऱ्याचा दगड, जांभा. फाइल उघडून बघितलं तर पान खरंच देखणं होतं. डावीकडे उभी रेघ, खाली आडवी रेघ, हिरव्या पेनाने शीर्षकं. दोन तास गेले होते त्यात. मी डावा रकाना उघडा ठेवला, उजव्या बाजूवर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा ठेवला आणि म्हटलं, "आता सांग."

डावीकडे लिहिलं होतं: 'लॅटराइट', 'निर्मिती', 'सिलिका', 'लोह', 'कडकपणा' वगैरे. ती 'लोह' या शब्दाकडे बघत राहिली. म्हणाली, "लोहाचं काय सांगू?"

प्रश्न बरोबरच होता तिचा. शब्दाला उत्तर नसतं.

या मांडणीला कॉर्नेल म्हणतात, कारण ती न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक नावाच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी बसवली. 1962 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकामुळे ती सगळीकडे पसरली. पॉकांचा कागद अमेरिकन मापाचा, साडेआठ इंच रुंद. त्यात डावीकडे अडीच इंच खुणेचा रकाना, उजवीकडे सहा इंच टिपणांची जागा आणि तळाला दोन इंचांची साराची पट्टी. आपल्या ए-फोर कागदावर हे साधारण सहा, पंधरा आणि पाच सेंटिमीटर होतं. वहीत छापून येणारा लाल समास याला पुरत नाही. त्यात एखादा शब्द मावतो, प्रश्न मावत नाही, आणि मग माणूस शब्दच लिहितो.

तासाला घेतलेली टिपणं या साच्यात आणायची म्हणजे ती पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवायची, असं बहुतेकांना वाटतं. भाचीचे दोन तास त्यातच गेले. उतरवताना हात चालतो, डोकं फारसं चालत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही वेगळं केलं. तिची मूळ टिपणं फाइलच्या सुट्या ए-फोर पानांवर होती, कडेपासून कडेपर्यंत लिहिलेली. झेरॉक्सवाल्याकडे जाऊन ती 71 टक्क्यांवर लहान करून घेतली. ए-फोरचं पान 71 टक्के केलं की ए-फाइव्ह होतं, 14.8 बाय 21 सेंटिमीटर. ते कोऱ्या ए-फोर पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात चिकटवलं की डावीकडे सहा सेंटिमीटरच्या किंचित वर जागा उरते आणि खाली साडेआठच्या किंचित वर. साराच्या पट्टीला ही जागा जरा जास्तच आहे, पण राहिलेली गोष्ट नंतर लिहायला कामी येते. पेनाने लिहिलेलं असेल तर एवढं लहान झालेलं अक्षर वाचता येतं, पेन्सिलीचं मात्र फिकट येतं. फक्त जिथे सर मध्येच मागे गेले होते आणि टिपणात क्रम बिघडला होता, तेवढा परिच्छेद तिने हाताने नव्याने लिहिला.

चार पानांचं हे काम दहा मिनिटांत झालं. आता खरं काम, म्हणजे डावा रकाना.

तिच्या टिपणातल्या काही ओळी अशा होत्या: "लॅटराइट. बुकॅनन, 1807, मलबार. लॅटिन 'लेटर' म्हणजे वीट. उष्ण, भरपूर पाऊस, मग कोरडा हंगाम. आधी सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम जातं. मग सिलिका हळूहळू. लोह, अॅल्युमिनियम राहतं. उघड्यावर कडक."

पहिल्या ओळीचा प्रश्न सहज झाला: 'नाव कुणी, कधी, कुठे दिलं आणि त्याचा विटेशी काय संबंध?' याचं उत्तर टिपणात होतं. फ्रान्सिस बुकॅनन यांनी मलबारात बघितलं की लोक हा दगड मऊ असताना विटांसारखा कापतात, आणि त्यावरून नाव सुचवलं. गोव्यातल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे चिरेखाणीतून चिरे निघतात ते तसेच. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस बॅसिलिकाच्या भिंतींवर गिलावा नाही, म्हणून तिथे तो चिरा उघडा दिसतो.

'आधी काय जातं, मग काय?' हाही प्रश्न झाला. मग ती 'लोह राहतं' या ओळीपाशी आली. तिने लिहिलं: 'लोह का राहतं?' पुठ्ठा ठेवला, बोलायला लागली आणि थांबली. पुठ्ठा काढून बघितलं तर उजवीकडेही उत्तर नव्हतं. 'राहतं' एवढंच होतं. तासाला सरांनी कारण सांगितलं असणार, पण ती 'राहतं' लिहून पुढच्या वाक्याच्या मागे धावली होती.

ही गोष्ट नुसती फेअर करताना कधीच सापडली नसती. शब्द उतरवला की ओळ पुरी वाटते, प्रश्न लिहिला की भोक दिसतं. म्हणून मी डाव्या रकान्याला आठवणीच्या खुणांपेक्षा टिपणांची झडती म्हणणं जास्त पसंत करतो. भाचीने तिथे पेन्सिलीने गोल केला, उजवीकडे दोन ओळींची जागा सोडली आणि सुट्टी संपल्यावर सरांना विचारून आली. उत्तर असं की हवेतला ऑक्सिजन मुरलेल्या, फार आंबट नसलेल्या पाण्यात लोहाचं फेरिक, म्हणजे गंजात असतं ते, रूप जवळजवळ विरघळतच नाही. अॅल्युमिनियमचंही तसंच. सिलिका थोडी का होईना विरघळते. एका पावसाळ्यात थोडी म्हणजे काहीच नाही, पण लाखो पावसाळ्यांत तीच निघून जाते आणि न विरघळणारं मागे साठत जातं.

'कडक का होतं?' हा प्रश्न लिहिताना तिला घरचं आठवलं. तिच्या वडिलांनी बांधकामासाठी आणलेले चिरे अंगणात रचून ठेवले होते. आजोबा म्हणायचे, एक उन्हाळा जाऊ दे, मग घे. तासाच्या टिपणात होतं की दगड सुकतो तसे लोहाच्या ऑक्साइडांचे स्फटिक घट्ट बसतात. तिने प्रश्नाखाली बारीक लिहिलं: 'अंगणातले चिरे'. पॉकांच्या पद्धतीत अशा जोडणीला स्वतंत्र पायरी आहे. प्रश्नांनंतर विचार करायचा, हे आपल्याला आधीच ठाऊक असलेल्या कशाला लागून आहे. ती जोडणी आपली आपल्याला सापडली तरच टिकते, पुस्तकातून उतरवलेली नाही.

एका पानाला पाच ते आठ प्रश्न पुरतात. भाचीने पहिल्यांदा चौदा शब्द लिहिले होते, म्हणजे जवळजवळ प्रत्येक ओळीला एक. तेवढे प्रश्न केले की प्रत्येकाचं उत्तर एका शब्दाचं होतं, आणि मग आपण फक्त शब्द ओळखत बसतो. प्रश्न नीट जमला आहे की नाही, हे बघायला पुठ्ठाच पुरे. उत्तर सांगायला निदान एक पूर्ण वाक्य लागलं तर प्रश्न बरा. डाव्या रकान्याकडे बघून नक्की काय विचारलं आहे हेच कळेना, तर तो प्रश्न नाही, शीर्षक आहे.

आता साराची पट्टी. भाचीचं पहिलं सार असं होतं: "या पानावर लॅटराइटची निर्मिती आणि गुणधर्म दिले आहेत." ही अनुक्रमणिका झाली. पान न वाचता कुणीही ती लिहू शकेल. सार लिहिताना पूर्ण पान झाकायचं आणि दोन-तीन वाक्यांत लिहायचं, मग उघडून तपासायचं. दुसऱ्यांदा तिने लिहिलं: "भरपूर पाऊस आणि मग कोरडा हंगाम असं वर्षानुवर्षं चालत राहिलं की खडकातलं विरघळणारं सगळं वाहून जातं. लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं उरतात, तोच लॅटराइट. जमिनीत असताना मऊ, उघडा पडला की घट्ट." यात बुकॅनन नाही, 1807 नाही, आणि नसलेलं चांगलं. सारात गोष्टीचा कणा हवा, तपशील वरच्या प्रश्नांत आहेच.

हे सगळं कधी करायचं, यालाही महत्त्व आहे. शक्यतो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. तीन आठवड्यांनी बघितलं तर 'राहतं' या ओळीत काहीतरी राहून गेलं आहे, याचीच शंका येत नाही.

झाकून आठवण्याने फरक किती पडतो? अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 साली हे मोजलं. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने पारडं फिरलं. पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 56. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि तेच फसवं ठरतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हा पुरावा आठवून बघण्याच्या बाजूचा आहे, रेघा मारण्याच्या नाही. नुसत्या कॉर्नेल मांडणीवर झालेल्या अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत, आणि मला त्याचं नवलही वाटत नाही. डावा रकाना भरून जो कधी पुठ्ठा ठेवत नाही, त्याच्यासाठी ती फक्त रुंद समासाची वही आहे.

काही विषयांत हा साचा थोडा वाकवावाही लागतो. भाचीला स्फटिकशास्त्रात समीकरणं सोडवायची असतात. तिथे 'ही पायरी कशी आली?' असं डावीकडे लिहून उजवीकडची फक्त तेवढी पायरी झाकायची, पूर्ण पान झाकून उपयोग नाही. आकृती असेल तर तिच्यावरची नावं बारीक कागदाने झाकायची, आणि प्रश्न 'हा भाग काढला तर काय होईल?' असा ठेवायचा.

परवा तिने फाइल पुन्हा दाखवली. 'लोह का राहतं?' या प्रश्नाशेजारचा पेन्सिलीचा गोल खोडलेला होता. त्याखाली नवा गोल होता, आणि त्यात लिहिलं होतं: 'मग सड्यावरचा चिरा लाल आणि खालची माती पांढरट का?'