शस्त्रक्रियेपूर्वीची बीटी-सीटी : पार्श्वभूमी

हिमोग्लोबिन, पेशींची गणती, रक्तस्रावकाल म्हणजे बीटी आणि गोठणकाल म्हणजे सीटी या चारही तपासण्या बोटाला सुई टोचून एकाच बैठकीत उरकण्याची पद्धत आपल्या लहान प्रयोगशाळांत दीर्घकाळ टिकली, परंतु त्यांचे पुढे सारखे झाले नाही. हिमोग्लोबिन मोजण्याच्या साली पद्धतीत २० मायक्रोलिटर रक्त सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मिसळून येणारा तपकिरी रंग डोळ्यांनी जुळवला जाई आणि रंग पुरता खुलण्याआधी वाचन घेतल्यास आकडा कमी येई. १९६०च्या दशकात सायनमेथहिमोग्लोबिन पद्धत आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरल्यावर हा दोष दूर झाला. गणतीतील चूक अधिक चिवट होती. सूक्ष्मदर्शकाखालील मोजणीच्या चेंबरमध्ये १०० श्वेतपेशी मोजून त्यांवरून ५,००० हा आकडा काढला, तर केवळ पेशींच्या योगायोगाने विखुरण्यामुळे तो ४,००० ते ६,००० यांत कुठेही असू शकतो. यंत्रे हजारो पेशी मोजू लागली, तेव्हाच ही अनिश्चितता आटोक्यात आली.

रक्तस्रावकाल व गोठणकाल यांना अशी सुधारणा लाभली नाही. कानाच्या पाळीला टोचून दर ३० सेकंदांनी टिपकागदाने रक्त टिपण्याची पद्धत १९१०ची, तर काचेच्या नळीत शिरेतील रक्त ३७ अंश सेल्सिअसला ठेवून ते केव्हा गोठते हे पाहण्याची पद्धत १९१३ची. पहिलीत जखमेची खोली, त्वचेचे तापमान आणि टिपणाऱ्याचा हात यांनुसार वेळ बदलते. दुसरीतील दोष अधिक मूलभूत आहे, कारण दिसण्याजोगी गुठळी होण्यास गुठळी बांधणारे थ्रॉम्बिन फारच थोडे पुरते. त्यामुळे ज्याच्या रक्तात फॅक्टर आठ हे गोठणास लागणारे प्रथिन नेहमीच्या केवळ ५ ते १० टक्के आहे, अशा सौम्य हिमोफिलियाच्या रुग्णाचा गोठणकाल सहसा नॉर्मल येतो, रक्तस्रावकालही नॉर्मल येतो आणि दाढ काढल्यानंतर मात्र त्याचे रक्त थांबत नाही. त्यात बोट दाबून रक्त काढले असेल, तर ऊतकद्रवातील थ्रॉम्बोप्लास्टिन मिसळून गोठण आणखी लवकर होते, म्हणजे ही चूक नेमकी धोका झाकणाऱ्या दिशेने जाते.

१९९८ साली अमेरिकेतील रोगनिदानतज्ज्ञांच्या संघटनांनी सरसकट शस्त्रक्रियापूर्व रक्तस्रावकाल करू नये, अशी भूमिका मांडली. या चाचणीवरून शस्त्रक्रियेतील रक्तस्राव सांगता येत नाही, हे तिचे कारण होते. तरीही भारतातील अनेक रुग्णालयांत भुलीपूर्वीच्या यादीत ‘बीटी-सीटी’ राहिली. तिच्या बाजूने स्वस्ताई आणि सोय हे मुद्दे मांडले जातात व ते खोटे नाहीत, पण खोटा दिलासा देणारी स्वस्त चाचणी स्वस्त कशी म्हणावी, याचे उत्तर त्यांत नाही. इतरत्र तिच्या जागी प्लेटलेटगणती आणि पीटी व एपीटीटी या रक्तद्रवाच्या गोठणाच्या चाचण्या आल्या. तथापि सौम्य वॉन विलेब्रँड या आनुवंशिक रक्तस्राव-विकारात या तिन्ही नॉर्मल येऊ शकतात. म्हणून पूर्वी दात काढल्यावर किती वेळ रक्त वाहिले, मासिक पाळीत अतिस्राव होतो का, घरात कोणाला असा त्रास आहे का आणि गेल्या आठवड्यात अ‍ॅस्पिरिन घेतली होती का, ही विचारपूस तपासणीच्या आधी केली जाते.