रोजचा डेटा संपला, प्लॅन मात्र चालू: डेटा पॅक कसा लागतो, आधी काय खर्च होतं

रिचार्जची मुदत अजून पंधरा दिवस आहे, कॉल लागतायत, पण संध्याकाळी नेट रांगायला लागलं. अशा वेळी बहुधा त्या दिवसाचा कोटा संपलेला असतो. अनेक प्रीपेड प्लॅनमध्ये त्यानंतर नेट बंद होत नाही, वेग ६४ केबीपीएसवर उतरतो. म्हणजे सेकंदाला ८ केबी. व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर जातो, पण ३ एमबीची पीडीएफ उतरायला सहा मिनिटांच्या वर लागतात. कोटा रात्री बाराला पुन्हा भरतो. साडेदहा वाजले असतील आणि काम अडलं नसेल तर सरळ झोपावं.

डेटा पॅक घ्यायला कागदपत्रं लागत नाहीत. अट एकच, मूळ प्लॅन चालू हवा. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये नंबर टाकून ओटीपीने आत जा आणि ‘डेटा पॅक’ किंवा ‘बूस्टर’ या यादीतूनच निवडा. इथेच गफलत होते. घाईत दुसरा मूळ प्लॅन मारला, तर तो बऱ्याचदा चालू प्लॅनच्या मागे रांगेत बसतो. पैसे गेले, नेट तसंच.

खर्चाचा क्रम साधारण असा: आधी रोजचा कोटा, तो संपला की पॅक. समजा रोज २ जीबीचा प्लॅन आहे आणि सोमवारी संध्याकाळी ६ जीबीचा पॅक घेतला. बारापर्यंत १ जीबी वापरला, पॅकमध्ये ५ उरले. मंगळवारी दीडच जीबी लागला, म्हणून पॅकला हात लागला नाही. कोट्यातला अर्धा जीबी मात्र बाराला बुडाला, तो पुढे जात नाही. बुधवारी ३ जीबी लागले: २ कोट्यातून, १ पॅकमधून. उरले ४.

हे ४ कधीपर्यंत टिकतील ते पॅकच्या मुदतीवर. ‘मूळ प्लॅनइतकी’ लिहिलं असेल तर प्लॅनसोबत तेही जातात, त्यामुळे प्लॅनचे दोनच दिवस उरले असताना मोठा पॅक घेणं म्हणजे पैसे पाण्यात. ‘१ दिवस’ वाले काही पॅक चोवीस तास नव्हे, त्याच रात्री बारापर्यंत चालतात. रात्री नऊला घेतला तर तीन तास. पैसे भरण्याआधी तपशिलाची ती बारीक ओळ वाचाच.

पॅक लागला तरी वेग तोच असेल, तर अ‍ॅपमध्ये शिल्लक बघा. पॅक दिसतोय पण आकडा हलत नाही, तर फ्लाइट मोड चालू करून बंद करा; जुनं कनेक्शन कमी वेगावर अडकलेलं असू शकतं. पॅक दिसतच नसेल तर व्यवहार क्रमांक आणि रिचार्जचा एसएमएस हाताशी ठेवून १९८ ला फोन करा. हा तक्रारीचा नंबर मोफत आहे. मिळालेला डॉकेट नंबर लिहून ठेवा. उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं, आणि तिथे पहिल्यांदा हाच नंबर विचारतात.