अनुवादकाचे प्रोफाइल एजन्सीकडे पाठवताना: अर्ज कुठे अडतो

पुण्यातल्या एका अनुवाद एजन्सीसाठी मी नव्या अनुवादकांचे अर्ज तपासते. नाव, पॅन, बँक खाते, दर हे सगळे बहुतेकांचे नीट भरलेले असते. अर्ज परत जातात ते दुसऱ्याच कारणांनी, आणि तीच ती कारणे पाहून आता कंटाळा आला आहे.

पहिले कारण भाषाजोडीचे. 'मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती, सर्व प्रकारे' असे लोक बिनधास्त लिहितात. चार भाषांच्या एकूण बारा जोड्या होतात, कारण इंग्रजीतून मराठी आणि मराठीतून इंग्रजी या दोन वेगळ्या जोड्या आहेत. बाराही जोड्या येतात म्हणणाऱ्यावर तपासनीस विश्वास ठेवत नाही. ज्या भाषेत तुम्ही भांडता आणि हिशेब करता, ती लक्ष्यभाषा ठेवा. एक जोडी पक्की लिहा, फार तर दुसरी. दुभाष्याचे काम करत असाल तर ते वेगळ्या रकान्यात दाखवा; खाली ज्या मानकाबद्दल लिहिले आहे ते फक्त लेखी अनुवादाला लागू आहे.

आता खरी अडचण, पात्रतेचा पुरावा. आयएसओ १७१०० या मानकानुसार चालणाऱ्या एजन्सीला प्रत्येक अनुवादकाच्या पात्रतेची नोंद ठेवावी लागते. तीनपैकी एक वाट चालते: अनुवाद विषयाची पदवी, किंवा दुसऱ्या कुठल्याही विषयाची पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव, किंवा पदवी नसेल तर पाच वर्षांचा अनुभव. हा अनुभव पूर्णवेळ कामाच्या हिशेबाने मोजतात, आणि नेमके तेच कोणी वाचत नाही. मागे नाशिकच्या एका बी. फार्म. झालेल्या ताईंचा अर्ज आला. तीन वर्षे अनुवाद केला होता, पण नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी. पूर्णवेळ धरले तर ते जेमतेम वर्षभर भरते. अर्ज परत गेला आणि त्या चिडल्या. त्यांचा राग मला कळतो, कारण आमच्या अर्जात 'अनुभव (वर्षे)' एवढेच छापले आहे.

अनुभवाचे पत्र तर जवळपास कोणाकडेच नसते. घरून काम करणाऱ्याला कोण पत्र देणार? मागितले तर बरेच जण देतात, फक्त काम संपून चार वर्षे झाल्यावर मागू नका. दर मार्चमध्ये ज्यांचे काम केले त्यांना मेल टाका: भाषाजोडी, विषय, कालावधी आणि अंदाजे शब्दसंख्या लिहून लेटरहेडवर सही द्या. ते मिळाले नाही तर स्वतःची बिले जोडा, रक्कम झाकून.

प्रमाणपत्रांबद्दल एक गोष्ट. अनुवादकाला सरकारी परवाना देणारी व्यवस्था भारतात नाही, त्यामुळे तो नाही म्हणून कोणी तुमचा अर्ज नाकारत नाही. पण ऑस्ट्रेलियाची 'सीसीएल' परीक्षा अनुवादकाचे प्रमाणपत्र म्हणून जोडू नका. ती स्थलांतराच्या गुणांसाठी असते. ते पाहून तुमचे बाकीचे दावेही संशयाने वाचले जातात.

विषयाच्या रकान्यात 'वैद्यकीय, कायदा, तांत्रिक, साहित्य' असे न लिहिता खोलात जा. त्या ताईंनी 'वैद्यकीय' खोडून 'औषधचाचण्यांची संमतिपत्रे' लिहिले आणि त्याला साजेसा नमुना केला. गिऱ्हाइकाचा कागद नमुना म्हणून कधीच देऊ नका, नाव खोडूनही नाही. गोपनीयतेचा करार मोडणारा माणूस आमचाही मोडेल, असेच आम्ही धरतो. सगळ्यांना खुला असलेला मजकूर घ्या, दोन-अडीचशे शब्द पुरेत, आणि मूळ व अनुवाद शेजारी शेजारी तक्त्यात ठेवा.

त्यांच्या नमुन्यात आधी वाक्य होते, 'कोणतीही प्रतिकूल घटना अनुभवास आल्यास कळवावे.' गावातल्या माणसाला यातून काय कळणार? दुसऱ्या खेपेला त्यांनी लिहिले, 'औषधामुळे काही त्रास झाला तर सांगा.' वाचायला सोपे, पण चूक. चाचणीत त्रास औषधामुळे झाला की नाही हे आधी ठरवायचेच नसते, झालेला प्रत्येक त्रास नोंदवायचा असतो. शेवटी वाक्य झाले, 'चाचणी चालू असताना तुम्हाला कुठलाही त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा.' तीन खेपांची ही टीप त्यांनी तक्त्याखाली दोन ओळींत लिहिली. आमच्याकडे नमुने तपासणाऱ्याने ती वाचून लगेच मला फोन केला. अनुभव भरेपर्यंत थांबावे लागलेच, पण त्यांचे नाव यादीत राहिले.

फाइल पाठवण्याआधी दुसऱ्याच्या संगणकावर उघडून बघा. श्रीलिपी किंवा सुरेखसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर आमच्याकडे 'Ê´É' असल्या अक्षरांत उमटतो आणि अनुवादाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेता येत नाही. टंकन युनिकोडमध्येच करा. फाइलला `final_new2` ऐवजी `EN-MR_namuna_vaidyakiya.docx` असे नाव द्या. दिवसाला चाळीस फाइली उघडणाऱ्या माझ्यासारखीला ती पुन्हा सापडते.