पेस्ट केल्यावर ओळी, बुलेट आणि फॉन्ट का मोडतात

वर्डमधलं परिपत्रक कॉपी करून ईमेलमध्ये टाकलं, की ओळी मधेच तुटतात, बुलेटच्या जागी भलतंच चिन्ह उमटतं आणि कधीकधी अख्खं मराठी इंग्रजी अक्षरांत बदलतं. हे तीन बिघाड वेगवेगळ्या काळातून आलेले आहेत, आणि कोणता कुठून आला ते कळलं की दुरुस्ती सोपी होते.

ओळींचा प्रश्न सर्वांत जुना. टेलिप्रिंटरच्या काळी ओळ कुठे संपवायची हे यंत्राला सांगावं लागे, आणि ईमेलने तीच सवय उचलली. ईमेलच्या प्रमाणात आजही ओळ ७८ अक्षरांच्या आत ठेवावी अशी शिफारस आहे, तर ९९८ ही सक्तीची मर्यादा आहे. पुढे १९९३ मध्ये पीडीएफ आलं. त्यात कोणतं अक्षर पानावर नेमकं कुठे बसवायचं याची नोंद असते. परिच्छेद कुठे सुरू होऊन कुठे संपला, ही माहिती असेलच असं नाही. म्हणून पीडीएफमधून कॉपी केलं, की छापील ओळ जिथे संपते तिथे परिच्छेदच संपल्याची खूण पडते.

असा मजकूर आधी वर्डमध्ये घेऊन Ctrl+Shift+8 दाबा. प्रत्येक ओळीच्या शेवटी ¶ दिसलं तर दुखणं हेच. मग Replace मध्ये याच क्रमाने तीन बदल करायचे. दुसऱ्या बदलात उजवीकडे फक्त एक स्पेस टाकायची:

```
^p^p  →  @@@
^p    →  (स्पेस)
@@@   →  ^p
```

पहिल्या बदलाने खरे परिच्छेद बाजूला सुरक्षित राहतात, दुसऱ्याने तुटलेल्या ओळी सांधल्या जातात आणि तिसऱ्याने परिच्छेद परत येतात. मात्र परिच्छेदांमध्ये कोरी ओळच नसेल, तर पहिला बदल शून्य जागा दाखवतो. तिथेच थांबा आणि परिच्छेदांच्या जागी हाताने @@@ टाका, नाहीतर सगळा मजकूर एकाच ढिगात जाईल.

बुलेट आणि फॉन्ट हे मात्र मुळात एकच दुखणं आहे, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. वर्डची नेहमीची बुलेट म्हणजे Symbol फॉन्टमधलं एक अक्षर. दुसऱ्या पातळीवरचं पोकळ वर्तुळ म्हणजे Courier New मधला साधा o, आणि तिसऱ्या पातळीवरचा चौकोन म्हणजे Wingdings मध्ये दिसणारं §. फॉन्ट गळून पडला, की ·, o आणि § उघडे पडतात. यादीतल्या मुद्द्यांपुढे सुटे o दिसले, तर कारण हेच समजा.

आपल्या जुन्या मराठी फॉन्टची युक्तीही नेमकी हीच होती. प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारं प्रमाण म्हणजे युनिकोड. देवनागरी १९९१ मध्ये त्याच्या पहिल्या आवृत्तीतच होती, पण विंडोजमध्ये मंगल फॉन्ट आला तो विंडोज २००० बरोबर. तोवर छपाई आणि कचेऱ्यांचं काम अडून कसं राहणार? कृतिदेव, श्रीलिपी, योगेश अशा फॉन्टनी इंग्रजी अक्षरांसाठी ठरलेल्या जागांवर मराठी आकार बसवले. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ टाइप केलं, तर फाइलमध्ये खरोखर साठतं ते `ejkBh`. ईमेलबरोबर साधारणपणे फॉन्टचं फक्त नाव जातं, फॉन्ट जात नाही. समोरच्याकडे कृतिदेव नसेल, तर त्याला `ejkBh` हेच दिसणार. युनिकोडमधल्या मराठीला ही भीती नाही: मंगल नसला तर दुसरा देवनागरी फॉन्ट पुढे येतो आणि मजकूर वाचता येतो.

म्हणून Ctrl+Shift+V ने साधा मजकूर पेस्ट करण्याचा नेहमीचा सल्ला इथे उलटतो. युनिकोड मराठीला तो उत्तम, कारण वर्डची सजावट मागे राहते. बुलेट तेवढ्या ईमेलमध्येच यादीचं बटण दाबून नव्याने द्याव्यात. कृतिदेवमधला मजकूर मात्र त्याने स्वतःच्या संगणकावरही मोडतो. तो आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा लागतो, आणि परिवर्तक त्याच फॉन्टचा हवा, कारण प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी.

परिवर्तनानंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार आवर्जून तपासा. कृतिदेवमध्ये ‘दिवस’ची वेलांटी ‘द’च्या आधी साठते (`fnol`) आणि ‘कर्म’चा रफार ‘म’च्या नंतर (`deZ`), युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा असतो. मजकुरातले इंग्रजी शब्द, ईमेल पत्ते आणि दुवे आधीच वेगळे काढून ठेवा. परिवर्तक त्यांनाही कृतिदेवच समजतो आणि त्यांची देवनागरी करून टाकतो.