हॉटेलच्या फ्रंट ऑफिस एक्झिक्युटिव्हचं ऑफर लेटर: पगार, प्रोबेशन आणि नोटिशीच्या अटी कशा वाचायच्या

फ्रंट ऑफिसच्या नोकरीचं ऑफर लेटर हातात आलं की नजर आधी वार्षिक सीटीसीच्या आकड्यावर जाते. पण पुढचं वर्ष-दीड वर्ष कसं जाईल हे ठरवणारी वाक्यं बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असतात: प्रोबेशन किती, कायम कधी धरणार, आणि सोडायचं ठरलं तर किती दिवस आधी कळवायचं. सही करण्याआधी तेवढी पानं तरी सावकाश वाचून काढावीत.

कोणाला मिळतं, कागद कोणते लागतात

हॉटेल मॅनेजमेंटची पदवी किंवा पदविका असेल तर उत्तमच. पण बरीच हॉटेलं कोणत्याही शाखेचा पदवीधरही घेतात, फक्त बोलणं नीट हवं, कॉम्प्युटरवर हात बसलेला हवा आणि रात्रपाळीची तयारी हवी. मुलाखती झाल्या, पगाराचं बोलणं झालं की एचआरकडून ईमेलवर ऑफर लेटर येतं. ते स्वीकारायला ठरावीक मुदत असते. त्या मुदतीत सही करून प्रत परत पाठवायची. ईमेलने होकार मागितला असेल तर तोही लेखीच द्यायचा, फोनवर ‘हो’ म्हणून थांबायचं नाही.

साधारणपणे आधार, पॅन, शिक्षणाची प्रमाणपत्रं, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि बँक खात्यासाठी रद्द केलेला चेक मागतात. आधी कुठे काम केलं असेल तर अनुभवाचं पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारस्लिपा आणि पीएफचा यूएएन क्रमांकही लागतो. काही हॉटेलं वैद्यकीय तपासणी आणि पोलीस पडताळणीही करून घेतात, कारण रिसेप्शनवरच्या माणसाच्या हातात पाहुण्यांची ओळखपत्रं, खोल्यांच्या किल्ल्या आणि रोकड असते.

जुन्या हॉटेलचं रिलीव्हिंग लेटर मात्र राजीनामा देऊन तिथली नोटीस पुरी झाल्यावरच मिळतं. म्हणून रुजू व्हायची तारीख स्वीकारण्याआधी जुन्या नोकरीतली नोटीस मोजून घ्या आणि हाती सहीशिक्क्याचं ऑफर लेटर आल्याशिवाय राजीनामा टाकू नका. बहुतेक ऑफर लेटर ‘पडताळणी समाधानकारक झाल्यास’ या अटीवर असतात, हेही ध्यानात असू द्या. आणि युनिफॉर्मसाठी किंवा ट्रेनिंगसाठी डिपॉझिट भरा असं कोणी रुजू होण्याआधीच म्हणू लागलं, तर पैसे देऊ नका. हॉटेलच्या लँडलाइनवर थेट फोन करून एचआरशी खात्री करा.

आणखी एक. ऑफर लेटर म्हणजे नेमणूकपत्र नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यांत प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणं मालकाला बंधनकारक आहे. रुजू झाल्यावर ते मागून घ्या आणि ऑफर लेटरशेजारी ठेवून ताडून पाहा. पगाराचे आकडे सहसा जुळतात, फरक सापडतो तो नोटिशीच्या कलमात.

पगार: सीटीसीतून हातात किती

एक उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातल्या एका हॉटेलने ऑफर दिली, वर्षाला ४,२६,००० रुपये सीटीसी. बाराने भागलं की महिन्याला ३५,५०० होतात आणि उमेदवार तोच आकडा मनात धरतो. पत्राच्या शेवटी जोडलेल्या पगाराच्या तक्त्यात मात्र असं लिहिलेलं असतं: बेसिक १६,०००, घरभाडे भत्ता ६,०००, स्पेशल अलाउन्स ६,०००. म्हणजे ग्रॉस २८,०००. त्याखाली मालकाचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटीची तरतूद ७७०, विमा ४३०, ड्युटी मील्स १,५०० आणि सर्व्हिस चार्जचा अंदाजे वाटा ३,०००. हे सगळं मिळून ३५,५००.

आता हातात काय येतं ते पाहू. आधीच्या नोकरीतही पीएफ कापला जात होता, त्यामुळे इथेही तो कापला जाईल. बरेच मालक तो १५,००० च्या वेतनमर्यादेवर बारा टक्के धरतात, म्हणजे कर्मचाऱ्याचे १,८००. व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). २८,००० तून हे गेले की २६,००० उरतात. खात्यात दर महिन्याला हक्काने जमा होणारी रक्कम एवढीच.

मधले साडेनऊ हजार कुठे गेले, हे एकेक करून बघावं. मालकाचा पीएफ तुमचाच आहे, फक्त तो आज हातात नाही. ग्रॅच्युइटी कायम नोकरीत साधारण पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मिळते. दोन वर्षांत हॉटेल बदलणाऱ्याला त्या ७७० चा काही उपयोग नाही. ड्युटी मील म्हणजे स्टाफ कॅफेटेरियातलं जेवण. ते खरंच मिळतं आणि पाळीच्या कामात त्याची किंमत कळते, पण ते पैसे नव्हेत.

खरा अडचणीचा भाग सर्व्हिस चार्जचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून हॉटेल-रेस्टॉरंटना बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. म्हणजे द्यायचा की नाही हे पाहुण्याच्या मर्जीवर. जी रक्कम पाहुण्याच्या मर्जीवर आहे तिचा ठाम आकडा हॉटेल सीटीसीत कसा धरू शकतं, हा प्रश्न एचआरला सरळ विचारावा. मागच्या काही महिन्यांत फ्रंट ऑफिसच्या माणसाला प्रत्यक्षात किती वाटा मिळाला, हेही विचारता येतं. उत्तर गोलमोल आलं तर हिशेबात शून्य धरा. अपसेलिंगचा इन्सेन्टिव्हही असाच. पाहुण्याला वरच्या श्रेणीची खोली विकल्यावर मिळणारा वाटा चांगला असतो, पण तो सीटीसीत मोजलेला असेल तर ती पगारवाढ नव्हे.

बेसिक फार कमी आणि भत्तेच जास्त दिसले तर तेही विचारा. नव्या संहितांनुसार वेतनातून वगळायचे घटक एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा असतो. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू आहे की नाही, हेही लेखी घ्या. त्याची वेतनमर्यादा २१,००० रुपये आहे आणि त्याखाली असाल तर तुमच्या वाट्याचे ०.७५ टक्के कापले जातात.

प्रोबेशन: तारीख आणि पत्र

हॉटेलांत प्रोबेशन बहुधा सहा महिन्यांचं असतं आणि ‘गरजेनुसार वाढवता येईल’ असं पुढे जोडलेलं असतं. वाढवलं तर जास्तीत जास्त किती, हे लिहिलेलं असणं चांगलं. ‘आणखी तीन महिने’ आणि ‘व्यवस्थापनाला योग्य वाटेल तितके’ यांत पुढे फार अंतर पडतं. या काळात रजा मर्यादित असू शकते, पण ‘पीएफ कायम झाल्यावर सुरू होईल’ हे मान्य करण्यासारखं नाही. जो पीएफच्या कक्षेत येतो त्याचा पीएफ रुजू झाल्याच्या दिवसापासून, प्रोबेशन असलं तरीही.

पत्रात सगळ्यांत बारकाईने वाचायचं वाक्य म्हणजे कायम कसं धरणार याचं. ते दोन प्रकारे लिहिलेलं आढळतं. एक, ‘सहा महिने पूर्ण झाल्यावर कायम समजले जाईल’. दुसरं, ‘लेखी पत्राने कळवल्याशिवाय कायम समजले जाणार नाही’. दुसऱ्या प्रकारात सहा महिने उलटून गेले तरी पत्र नसेल तर आपण प्रोबेशनवरच असतो. यावर नोटिशीचे दिवस अवलंबून असतात.

नोटीस: किती दिवस, कशाच्या आधारे

वरच्याच उमेदवाराचं पुढचं पाहू. रुजू झाला १ जूनला, सहा महिने संपले ३० नोव्हेंबरला. कायम झाल्याचं पत्र आलं नाही. प्रोबेशन वाढवल्याचंही आलं नाही. १० डिसेंबरला दुसऱ्या हॉटेलची ऑफर आली आणि त्याने राजीनामा दिला. पत्रात प्रोबेशनमध्ये १५ दिवस आणि कायम झाल्यावर ६० दिवस नोटीस आहे. डिसेंबर म्हणजे हॉटेलांचा भर सीझन, रिसेप्शनवर माणसं कमी, त्यामुळे मॅनेजर म्हणतो ६० दिवस. पत्रात दुसऱ्या प्रकारचं वाक्य असेल तर उमेदवार अजून प्रोबेशनवर आहे आणि १५ दिवस पुरतात. पहिल्या प्रकारचं असेल तर मॅनेजरचं म्हणणं बरोबर ठरतं.

समजा ६० दिवस लागू आहेत आणि उमेदवाराने १५ दिवसच काम केलं. राहिले ४५ दिवस. त्याऐवजी पगार भरून द्यायचा, तर कोणता पगार? ‘बेसिक’ लिहिलं असेल तर महिन्याला १६,००० या दराने ४५ दिवसांचे २४,००० होतात. ‘ग्रॉस’ लिहिलं असेल तर २८,००० या दराने ४२,०००. एका शब्दापायी १८,००० रुपयांचा फरक, आणि तो बहुतेक शेवटच्या हिशेबातून कापला जातो. पत्रात नुसतं ‘पगार’ असेल तर बेसिक की ग्रॉस हे सही करण्याआधी ईमेलवर विचारून घ्या. उत्तर सौम्य असो की तिखट, ते लेखी असायला हवं.

याच कलमात नोटीस दोन्ही बाजूंना सारखी आहे का हेही बघा. हॉटेलने काढलं तर एक महिना आणि तुम्ही सोडलं तर दोन, असं असेल तर समान करा म्हणून मागावं. निदान शिल्लक रजा नोटिशीत वळती करता येईल असं लिहून घ्यावं. हॉटेलांत सीझनमध्ये नोटिशीच्या काळात रजा मंजूर करत नाहीत, म्हणून हे आधीच ठरलेलं बरं. नव्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर वेतनाची थकबाकी दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायची तरतूद आहे. तेव्हा ‘हिशेब ४५ दिवसांनी’ असं पत्रात दिसलं तर त्याकडे एचआरचं लक्ष वेधा.

ट्रेनिंग बाँड असेल तर तो कोणत्या प्रशिक्षणासाठी, किती रकमेचा, आणि काळ सरेल तशी ती रक्कम कमी होत जाते का, एवढं पाहावं. रोकड कमी भरली तर ती पगारातून कापू, असं कलम असेल तर पाळी बदलताना दोघांनी मोजून सही करायची पद्धत त्या हॉटेलात आहे का, हे विचारा. ती नसेल तर सकाळच्या पाळीत घोळ कोणाचाही असो, तूट रात्रपाळीच्या माणसाच्या नावावर लागू शकते. रात्री घरी सोडायची गाडी, साप्ताहिक सुट्टी आणि ब्रेक शिफ्ट, म्हणजे मधे काही तास सोडून दोन तुकड्यांत करायची पाळी, यांचा उल्लेख पत्रात नसला तर होकाराच्या ईमेलमध्येच तीन ओळींत ते लिहा आणि उत्तर आल्यावर सही करा.