प्रकाश पोचतोय, मग टीव्हीचा आवाज कुठे अडकला?

टीव्हीचा आवाज गेला की बहुतेक जण आधी केबल बदलतात. सईच्या बाबांनीही तेच ठरवलं होतं, संध्याकाळी सहाला तिच्या मैत्रिणी वाढदिवसाला येणार, पिक्चर लावायचा आणि स्पीकर एकदम गप्प.

त्यांच्याकडे जुना अँप्लिफायर आहे. टीव्हीतून ऑप्टिकल केबल, म्हणजे आवाज प्रकाशाच्या रूपात नेणारी केबल, एका छोट्या कन्व्हर्टर डबीत जाते, ती त्याचा साधा आवाज करून अँप्लिफायरला देते आणि तिथून दोन स्पीकरांना आवाज. सईने डबीकडचं टोक काढून बघितलं तर लाल उजेड दिसत होता. "बाबा, केबल चांगलीये की, प्रकाश येतोय!" मग तिने मोबाईलवरचा तिच्या नाचाचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घेऊन लावला, तर आवाज खणखणीत! पिक्चर लावला की परत शांतता. बाबा म्हणाले, "अगं, म्हणजे वायरिंग सगळं ठीक आहे, पिक्चरच्या आवाजातच काहीतरी वेगळं आहे."

खरी गंमत इथेच आहे. साधा डिजिटल आवाज म्हणजे पीसीएम, यात आवाजाची लाट सेकंदाला ४८,००० वेळा मोजतात, दर मोजणीला १६ बिट, डावा-उजवा मिळून सेकंदाला साधारण १५ लाख बिट होतात. पिक्चरमध्ये मात्र बऱ्याचदा सहा चॅनेल, म्हणजे सहा स्पीकरांसाठी सहा वेगळे आवाज असतात, ते असेच पाठवायचे तर ४६ लाख बिट लागतील आणि ऑप्टिकलवर साधा पीसीएम दोनच चॅनेलचा जातो. म्हणून डॉल्बी डिजिटलमध्ये सहाही चॅनेल दाबून साडेचार लाख बिटच्या आसपास बसवतात आणि त्याच केबलमधून पाठवतात, सोबत एक खूण असते की हे आकडे म्हणजे थेट लाट नाही, आधी उलगडा. स्वस्त डबीला उलगडता येत नाही, ती खूण बघून गप्प बसते. काही डब्या खूण बघतच नाहीत आणि तेच आकडे लाट समजून वाजवतात, तेव्हा नुसती खरखर येते.

मग टीव्हीने विचारून का नाही पाठवलं? कारण ऑप्टिकल केबल एकतर्फी आहे, समोरच्याला काय कळतं हे टीव्हीला कळायला वाटच नाही. टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच बाहेर नेणाऱ्या एआरसीमध्ये ती सोय असते.

दुकानात सोन्याचा मुलामा दिलेल्या ऑप्टिकल केबल मिळतात, त्यावर पैसे घालू नका. आत वीज नाही, प्रकाश वाहतो, सोन्याचा तिथे काडीचाही उपयोग नाही.

सईने सेटिंग्जमध्ये साउंडखाली डिजिटल आउटपुट शोधलं, ते Auto वर होतं, तिने PCM केलं आणि पिक्चर बोलायला लागला. आता उलगडायचं काम टीव्हीच करतो आणि सहा चॅनेल दोनात मिसळून पाठवतो. स्पीकर दोनच असल्यामुळे त्यांचं काही बिघडत नाही, पण ज्यांच्याकडे सहा स्पीकरचा सेट आहे त्यांनी हे करू नये, मागचे स्पीकर गप्प होतील किंवा सगळीकडून तेच दोन चॅनेल ऐकू येतील.